मोझार्ट, सलीलदा आणि अखाजीचं गाणं : एका व्हायरल दाव्याच्या तपासणीच्या नोंदी

१८ एप्रिल, अमळनेर

आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक क्लिप आली आणि दोन दिवस तिच्यावर वाद चालू आहे. क्लिपमध्ये आधी काही सेकंद मोझार्टची धून वाजते, मग लगेच ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’ ऐकू येतं, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की हे अख्खं गाणं हुबेहूब चोरलेलं आहे आणि संगीतकार सलील चौधरींनी ते जन्मभर लपवलं. त्याखाली चोपड्याच्या एका सदस्याचा उलटा दावा: मोझार्ट-बिझार्ट काही नाही, ही आपल्या खान्देशातल्या अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्याची चाल आहे, आमच्या घरात आजही म्हणतात.

दोघांचं म्हणणं नीट तपासायचं ठरवलं. पेटी मी वाजवतो, कान बऱ्यापैकी तयार आहे, आणि सलीलदांवर माझा जीव आहे. म्हणूनच तपास कागदावर करायचा, ‘मला तर सारखं वाटतं’ यावर थांबायचं नाही. पुढे कोणाला अशीच एखादी क्लिप तपासायची झाली तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतोय.

आधी दाव्याचे तुकडे केले. धून सारखी आहे का? सारखी असेल तर किती, मुखडा की अख्खं गाणं? आधी कोणाची? आणि लपवलं, हे कशावरून? क्लिप या चारही गोष्टी एका दमात सांगते, पण प्रत्येकीचा पुरावा वेगळ्या जातीचा लागतो. पहिल्या दोन कानाने आणि पेटीने सुटतील. तिसरीला तारीख लागेल. चौथीला नुसत्या सुरांचा काही उपयोग नाही.

गाण्याची माहिती वादातली नाही: चित्रपट ‘छाया’, १९६१, दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी, गीतकार राजेंद्र कृष्ण, आवाज तलत महमूद आणि लताबाईंचे. दुसरी बाजू म्हणजे मोझार्टची ४० क्रमांकाची सिंफनी, तिचा पहिला भाग.

१९ एप्रिल

आज पहिल्यांदा क्लिपच तपासली, आणि बरं झालं. तिच्यातली मोझार्टची धून वाद्यवृंदाची नाहीच. जुन्या मोबाइलच्या रिंगटोनसारखी एकेरी आहे. खऱ्या सिंफनीत धून सुरू व्हायच्या आधी व्हायोला नावाची जाड आवाजाची तंतुवाद्यं एक अस्वस्थ, भराभर चालणारी लय धरतात आणि त्यावर व्हायोलिनची धून येते. क्लिपमध्ये ती लय गायब आहे. शिवाय गाणं वर चढवून धुनीच्या पट्टीत आणलंय. तलतचा आवाज किंचित पातळ लागतो आणि तबला टणटणीत वाजतो, त्यावरून ते कळतं. ताल बदलला तरी कान माफ करतो, पण माणसाचा आवाज आणि तबल्याचा बाया या दोन गोष्टी लपत नाहीत.

म्हणून क्लिप बाजूला ठेवली. सिंफनीचं पूर्ण ध्वनिमुद्रण आणि गाण्याचं पूर्ण ध्वनिमुद्रण वेगवेगळं मिळवलं, दोन्ही न कापलेलं.

भाच्याने संगणकावर Audacity टाकून दिलं, फुकट आहे. गाणं सावकाश ऐकायचं तर त्यात Change Tempo वापरा. Change Speed वापरलं तर टेपची गती कमी केल्यासारखं होतं, स्वरही खाली घसरतात आणि पेटीशी काहीच जुळत नाही. क्लिप बनवणाऱ्याने गाणं चढवलं ते बहुतेक याच वाटेने.

संध्याकाळ मात्र वाया गेली. मोबाइलच्या ट्यूनर अ‍ॅपवर सिंफनीचा प्रत्येक स्वर दोन पट्ट्यांच्या मध्येच अडकत होता. अ‍ॅप बिघडलं समजून दुसरं टाकलं, तेही तसंच. मग ध्वनिमुद्रणाची माहिती वाचली: ते जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवलेलं होतं. असे वाद्यवृंद बरेचदा ‘ए’ हा स्वर ४४० ऐवजी ४३० कंपनांना लावतात. म्हणजे सगळंच वाजवणं अर्ध्या स्वराच्या साधारण चाळीस टक्के खाली. वाजवणाऱ्यांचं काही चुकलेलं नाही, मोजपट्टी वेगळी आहे. जुन्या तबकड्यांवरून आणि टेपांवरून चढवलेल्या फिल्मी गाण्यांतही अशी घसरण सर्रास सापडते. त्यामुळे इथून पुढे स्वर कुठला हे बघायचंच नाही, एका स्वरापासून पुढचा स्वर किती अंतरावर आहे तेवढंच बघायचं.

२१ एप्रिल

ऐकून लिहिण्यापेक्षा छापील स्वरलिपी घेतली. मोझार्टच्या सगळ्या रचनांची संशोधित आवृत्ती साल्झबर्गच्या मोझार्टियमने इंटरनेटवर मोफत ठेवली आहे, आयएमएसएलपी या संकेतस्थळावरही जुन्या छापील प्रती मिळतात. पहिली चार पानं झेरॉक्सवाल्याकडे छापून आणली. छपाई आणि वरचं किरकोळ धरून सत्तर रुपये गेले.

पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायची सवय नसेल तर एक सांगतो: पानावर दहा-बारा ओळी एकाखाली एक दिसतात, त्यातल्या पहिल्या व्हायोलिनचीच ओळ धरा. कर्ण्यांच्या ओळींना हात लावू नका, कारण त्या लिहिल्या असतात एका पट्टीत आणि वाजतात दुसऱ्या पट्टीत. या सिंफनीत तर दोन कर्णे दोन वेगळ्या पट्ट्यांचे आहेत. व्हायोलिनचं तसं नाही, जे लिहिलं तेच वाजतं.

सिंफनी ‘जी मायनर’ मध्ये आहे, म्हणजे आपल्या पेटीवर पांढरी पाच हा षड्ज. तिथे सा धरून पहिल्या दोन ओळी सरगममध्ये उतरवल्या. खालची रेघ म्हणजे कोमल, वरचं टिंब म्हणजे तार सप्तक.

```
१)  ध॒ प प   ध॒ प प   ध॒ प प गं॒
    गं॒ रें सां   सां नि॒ ध॒   ध॒ प म म

२)  प म म   प म म   प म म रें
    रें सां नि   नि ध॒ प   प म ग॒ ग॒
```

पेटीवर पहिली ओळ काळी दोनवरून सुरू होते: काळी दोन, पांढरी दोन, पांढरी दोन, असं तीनदा, आणि तिसऱ्यांदा तिथून एकदम काळी पाचवर उडी. मग पायऱ्या उतरत खाली. दुसऱ्या ओळीत हाच सगळा आकार एक पायरी खाली सरकतो.

या धुनीची ओळख तीन गोष्टींत आहे. अर्ध्या स्वराचा झोका तीनदा येतो. तिसऱ्या झोक्यानंतर प वरून थेट तार कोमल ग वर उडी, आठ अर्धस्वरांची. आणि त्यानंतर तीच आकृती एक पायरी खाली घेणं. यातली पहिली गोष्ट कुठेही सापडेल. उडी मात्र सहज सापडणारी नाही. तिन्ही गोष्टी याच क्रमाने कुठे भेटल्या तर योगायोग म्हणणं अवघड आहे.

२५ एप्रिल

आता गाणं. इथे अडकलो ते षड्जावर. नेहमी आपण ओळ जिथे विसावते तिथे सा शोधतो. या धुनीत पहिली ओळ मध्यमावर थांबते आणि दुसरी कोमल गंधारावर. सा वर ती मुक्काम करतच नाही. तबल्यावरच्या दादांनी पहिल्या स्वरालाच सा धरून सरगम लिहून पाठवली होती. तिच्यात कोमल-तीव्र असे काही चमत्कारिक स्वर पडत होते की कुठल्याच ओळखीच्या चौकटीत बसेनात. स्वर त्यांनी अचूक ऐकले होते, फक्त मोजायला सुरुवात चुकीच्या दारातून झाली होती.

उपाय साधा निघाला. हेडफोन लावून धून ऐकणं सोडलं आणि तळाचं, खर्जातलं वाद्य ऐकलं. सिंफनीत सेलो आणि मोठी बास वाद्यं सुरुवातीला जो स्वर धरून बसतात, तो सा. गाण्यातही तोच नियम लावला, साथीच्या तळाशी जो स्वर घर करून असतो तो धरला. तो सापडल्यावर गाण्याचा पहिला स्वर कोमल धैवत ठरला आणि सगळं एका झटक्यात रांगेत आलं.

मग शब्दांची अक्षरं मोजली, आणि इथे मला सलीलदांच्या हाताची खरी मजा कळली. पहिल्या अर्ध्या ओळीचे तुकडे पाडा: ‘इत-ना-ना’, ‘मुझ-से-तू’, ‘प्या-र-ब-ढ़ा’. तीन, तीन आणि चार. मोझार्टचे स्वरही तीन, तीन आणि चार. दहा स्वर, दहा उच्चार, एकावर एक बसलेले, आणि उडी बरोबर ‘बढ़ा’च्या ‘ढ़ा’वर. मुखड्याच्या दुसऱ्या ओळीतही उच्चारांची हीच वाटणी आहे आणि तिथे धून एक पायरी खाली सरकलेली आहे, सिंफनीत सरकते तशीच.

उडीनंतरचा उतारही दोन्हींत आहे, पण तिथे गाणं शब्दांच्या वजनाने चालतं, स्वरांची वाटणी सैल होते. सिंफनीत हा उतार धावत येतो. तलत तोच अंगभर ओघळू देतो.

लयीचा फरक मोठा आहे. मोझार्टने वर लिहिलंय ‘मोल्टो अलेग्रो’, म्हणजे खूप जलद. गाणं त्या मानाने निवांत आहे. दोन्ही एकामागून एक मूळ गतीत ऐकवली तर संगीत न शिकलेल्या माणसाला पहिल्या फटक्यात साम्य कळेलच असं नाही. घरी आईला ऐकवलं, ती म्हणाली एक घाबरलेलं आहे आणि एक समजूत घालतंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, मुखडा मोझार्टचाच आहे.

२७ एप्रिल

‘अख्खं गाणं’ हा भाग. अंतरा उतरवून घेतला आणि सिंफनीच्या पहिल्या भागाशी लावून पाहिला. पहिल्या विषयाशी नाही जुळत. पुढे ४४व्या मापापासून दुसरा विषय येतो, ‘बी फ्लॅट मेजर’ मध्ये, मऊ आणि अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी उतरणारा, त्याच्याशीही नाही. अंतऱ्याची वळणं आपल्याकडच्या गाण्याची आहेत, परत मुखड्यावर येण्याची जागाही तशीच.

इथे एक सावधगिरी. मुखडा कानात घट्ट बसला की अंतऱ्यातही तोच ऐकू यायला लागतो, कारण प्रत्येक अंतरा शेवटी मुखड्यावरच येऊन टेकतो. म्हणून अंतऱ्याचा तुकडा मुखडा सुरू व्हायच्या आधी कापून, वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ऐकला. भाच्याला काही न सांगता तो तुकडा आणि सिंफनीचा तेवढाच तुकडा ऐकवला. त्याला काही साम्य आढळलं नाही.

क्लिप मुखड्यानंतर का संपते, ते आता कळतं.

२ मे, चोपडा तालुका

अखाजीला लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. म्हणून ज्यांनी उलटा दावा केला होता त्यांच्या गावी याच आठवड्यात गेलो. एक छोटा माइक घेतला होता, साडेसहाशे रुपयांचा. घेतला हे बरं झालं, मोबाइलच्या स्वतःच्या माइकवर झोक्याची करकर आणि वारा याशिवाय काही आलं नसतं.

त्यांच्या आजींनी ते गाणं म्हटलं. पाठ खणखणीत, श्वास लांब. झोक्याच्या हेलकाव्याबरोबर ओळ खाली-वर होते: एक स्वर वर, दोन खाली, एक वर, दोन खाली. ऐकल्या ऐकल्या मीही चमकलो. खरंच तोच झोका वाटतो.

मुद्रण करताना लक्षात ठेवण्यासारखं: साथीशिवाय गाणारी व्यक्ती गाता गाता पट्टी चढवते. आजींचा सा पहिल्या कडव्यात होता तिथून शेवटच्या कडव्यापर्यंत जवळजवळ पूर्ण स्वर वर गेला. अख्खं गाणं एकाच सा वर मोजलं तर शेवटच्या कडव्यात भलतेच स्वर निघतात आणि माणूस म्हणतो, बघा, इथे कोमल लागला. तसं काही नसतं. प्रत्येक कडव्याचा सा नव्याने धरायचा.

मी विचारलं, गाणं कोणाकडून शिकलात. म्हणाल्या, “मनी माय म्हने, तेच मी म्हनस.” मग शेजारच्या सुनांनी आणखी दोन गाणी म्हटली, त्यातल्या एकाची चाल फारच ओळखीची वाटली. आजी हसून म्हणाल्या, “ही चाल ते पिच्चरनी शे ना बाप!” कानबाईच्या गाण्यांतही हे होतं. शब्द देवीचे, अहिराणी, आणि चाल गाजलेल्या सिनेमाच्या गाण्याची. बायकांना त्यात काही लपवायचं नसतं, चाल आवडली की ती देवीला वाहतात.

या एका वाक्याने माझा तिसरा प्रश्न एकदम जड झाला. लोकगीत आणि फिल्मी गाणं सारखं निघालं तर लोकगीतच जुनं असं आपण गृहीत धरतो. पण चाल सिनेमातून गावात आलेली असू शकते, आणि दोन पिढ्या गेल्या की ती ‘आपल्याकडची जुनी’ होते. आजीच्या आईपासून चालत आलेलं गाणं म्हटलं तरी शब्द आईचे आणि चाल नंतरची असं होऊ शकतं. तारीख असलेलं मुद्रण किंवा छापील स्वरलिपी हातात असेल तरच कोण आधी ते म्हणता येतं.

मोझार्टच्या बाबतीत ही अडचण नाही. तो स्वतःच्या रचनांची एक वही ठेवत असे, तारीख आणि रचनेच्या सुरुवातीची मापं लिहून. या सिंफनीची नोंद २५ जुलै १७८८ ची आहे. ती वही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. सिंफनीचं हस्तलिखित व्हिएन्नात आहे, एके काळी ते ब्राम्स या संगीतकाराच्या मालकीचं होतं. १७८८ विरुद्ध १९६१, इथे वाद संपतो.

६ मे

आजींचं गाणं आणि मोझार्ट यांची तुलना. आधी सोपी पद्धत वापरली, फक्त वर, खाली किंवा तोच एवढं लिहायचं. डेनिस पार्सन्स नावाच्या माणसाने १९७५ साली हजारो धुनी अशाच खुणांनी लावून एक कोश छापला होता. पुढचा स्वर वर गेला तर ‘व’, खाली गेला तर ‘ख’, तोच राहिला तर ‘त’.

```
मोझार्ट   : * ख त व ख त व ख त व
आजींचं गाणं: * ख त व ख त व ख ख
```

पहिले आठ स्वर सारखे! चोपड्याच्या दादांना पाठवलं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते. पण या पद्धतीत पायरी किती मोठी हे दिसत नाही, म्हणून अर्धस्वर मोजले.

```
मोझार्ट ओळ १: -१ ० +१ -१ ० +१ -१ ० +८
मोझार्ट ओळ २: -२ ० +२ -२ ० +२ -२ ० +९
आजींचं गाणं : -२ ० +२ -२ ० +२ -२ -२
```

आता आणखी घोळ. दुसऱ्या ओळीशी आजींच्या गाण्याचे पहिले आठ स्वर आकड्यांतही हुबेहूब जुळतात. एखाद्या क्लिपवाल्याला एवढं पुरे आहे. तेवढेच स्वर कापायचे, एकाच पट्टीत आणायचे, झाला पुरावा.

मग हेच आकडे मंडळाच्या वहीत शोधले. दोन शेजारच्या स्वरांवर असा झोका घेणारी गाणी मला पहिल्याच बैठकीत इतकी मिळाली की शोधणं थांबवलं. पाळणे, जात्यावरच्या ओव्या, आरतीतल्या ओळी. कारण उघड आहे. ही गाणी हाताच्या कामाबरोबर म्हणायची असतात, चार-पाच स्वरांतच फिरतात, आणि चार-पाच स्वरांत सारख्या लयीने फिरायचं तर शेजारच्या दोन स्वरांवर झुलणं आलंच. त्यांचा एकमेकींशी किंवा व्हिएन्नाशी काही संबंध असण्याची गरज नाही.

जागाही वेगळी आहे. आजी ग रे रे, ग रे रे असं करत सा वर येऊन टेकतात, घरी पोचतात. मोझार्टची दुसरी ओळ प म म वर झुलते आणि घरी येतच नाही. आकडे तेच असले तरी कानाला एक शांत वाटतं, दुसरं अस्वस्थ.

आणि उडी नाही. जिथे मोझार्ट आणि तलत दोघेही आकाशात जातात, तिथे आजी खाली येतात. झोका खाली यायला लागला की ओळही खाली यायला लागते. त्यांच्या गाण्यात उडीला जागाच नाही, ती असती तर झोक्यावर बसून म्हणणं जमलं नसतं.

म्हणजे आठ स्वरांचं साम्य काहीच सिद्ध करत नाही आणि दहा स्वरांचं साम्य सिद्ध करतं, हे विचित्र वाटेल. फरक संख्येचा नाही. ते आठ स्वर कोणाच्याही तोंडून निघतील असे आहेत. दहा स्वरांतली शेवटची उडी, आणि त्यानंतर सगळं एक पायरी खाली सरकणं, हे सहज निघत नाही.

१० मे

तबल्यावरच्या दादांचा आक्षेप: सलीलदांना स्वतंत्रपणे सुचलं नसेल कशावरून? आक्षेप योग्य आहे, म्हणून वेगळी नोंद.

इथे बघावं लागतं की त्यांच्या कानावर ही धून पडली होती का. सलीलदांचं बालपण आसामच्या चहामळ्यात गेलं. वडील तिथे डॉक्टर होते आणि त्यांच्याकडे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या तबकड्यांचा मोठा साठा होता. सलीलदा त्या ऐकत वाढले, हे त्यांच्या चरित्रात सगळीकडे येतं. आणि ४०वी सिंफनी ही काही कोपऱ्यातली रचना नाही, मोझार्टच्या सर्वांत ओळखीच्या सुरुवातींपैकी ती आहे. धून कानावर होती, साम्य सविस्तर आहे. स्वतंत्रपणे सुचल्याची शक्यता मी धरत नाही.

वाचताना याच सिंफनीबद्दल एक गोष्ट मिळाली, ती दादांना सांगितली आणि ते बराच वेळ गप्प झाले. बेथोव्हेनच्या ५व्या सिंफनीचा तिसरा भाग ज्या चढणीने सुरू होतो, तीच स्वरांची चढण मोझार्टच्या या ४०व्या सिंफनीच्या शेवटच्या भागात आहे. लय इतकी वेगळी की ऐकून सहसा कळत नाही. पण बेथोव्हेनच्या कच्च्या वहीत, त्या सिंफनीच्या खर्ड्यांच्या शेजारी, मोझार्टच्या त्या भागाची २९ मापं त्याने स्वतः उतरवून घेतलेली सापडली. एकोणिसाव्या शतकात नोटेबोम या अभ्यासकाने ते दाखवून दिलं. पुरावा असा असतो: कागद, हात, आणि जागा. नुसत्या स्वरांवरून हे कोणी म्हटलं असतं तर मीच मानलं नसतं.

‘लपवलं’ या शब्दाबद्दल. ज्याला लपवायचं असतं तो उचललेली धून तुकडे करून मधल्या संगीतात पेरतो. इथे ती पहिल्या शब्दावर आहे, दोनदा, पायरी सरकवण्यासकट, जशीच्या तशी. पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्या कोणालाही पहिल्या ओळीत ओळखू यावी अशी. त्यांनी लपवलं असा एकही पुरावा क्लिपने दिलेला नाही, आणि धुनीची जागा उलटंच सांगते.

‘चोरी’ हा शब्द कायद्याच्या अर्थाने घेतला तर तोही टिकत नाही. मोझार्ट १७९१ साली गेला. भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा तेव्हा रचनाकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क देत होता, पुढे १९९२ साली ते ६० झाले. १९६१ साली ही धून केव्हाच सर्वांची झालेली होती. श्रेय द्यायला हवं होतं का हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, पण तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याला चोर हा शब्द लावण्याची घाई नको.

१४ मे

ग्रुपवर उत्तर टाकलं. लेख लिहून टाकला तर कोणी वाचत नाही, म्हणून बारा-पंधरा सेकंदांचे तीन आवाज पाठवले. एकात मी पेटीवर पांढरी पाच धरून सिंफनीची पहिली ओळ वाजवली. दुसऱ्यात त्याच पट्टीत, त्याच लयीत गाण्याचा मुखडा. तिसऱ्यात आजींची ओळ, त्यांची परवानगी घेऊन. पेटी एकच, हात एकच, लय एकच ठेवली, म्हणजे आवाजाचा आणि वाद्यांचा फरक मध्ये येत नाही. खाली लिहिलं:

“मुखडा मोझार्टच्या ४०व्या सिंफनीवरून घेतलेला आहे, हे खरं. अंतरा त्यात नाही, म्हणून ‘अख्खं गाणं’ हे खोटं. ‘लपवलं’ याला पुरावा नाही. अखाजीच्या गाण्याशी साम्य झोक्यापुरतं आहे, उडी नाही.”

चोपड्याच्या दादांनी फोन केला. नाराज होते, पण तिसरा आवाज त्यांनी घरी आजींना ऐकवला होता. आजींचं म्हणणं आलं की पेटीवर त्यांची ओळ फार घाईने वाजवली आहे. बरोबर आहे, तुलनेसाठी लय एक ठेवली होती. त्यांच्या लयीत पुन्हा वाजवून वेगळा पाठवला.

आज त्याच क्लिपवाल्यांची नवी क्लिप आली: ‘मधुमती’ मधलं ‘दिल तड़प तड़प के’ आणि पोलंडचं लोकगीत ‘श्वा जेवेच्का’. पुन्हा सलीलदाच, १९५८. इथे दुसरी बाजू लोकगीताची आहे, म्हणून या वेळी पेटी काढण्याआधी त्या लोकगीताचं १९५८ च्या आधी छापलेलं किंवा मुद्रित झालेलं रूप हातात घ्यायचं. भाच्याला पोलिश गाण्यांच्या जुन्या छापील संग्रहांचा शोध घ्यायला लावलं आहे. क्लिपमधलं गाणं पट्टी बदलून चढवलेलं आहे, ते या वेळी पहिल्याच ऐकण्यात कळलं.